लाल स्वेटर, हिरवे कुंपण: एका फ्लॅशबॅकचे कृष्णधवल रूपांतर

प्रकरण एका लघुपटातील फ्लॅशबॅकचे आहे. एक वृद्ध स्त्री खिडकीशी बसून आपले बालपण आठवते आणि पुढची सुमारे दोन मिनिटे आपण तिला आठ वर्षांची मुलगी म्हणून पाहतो. ती मुलगी उंच हिरव्या कुंपणाच्या कडेने धावते, थांबते, मागे वळून आईकडे पाहते आणि पुन्हा धावते. गोष्टीतला काळ १९६२ चा आहे. दिग्दर्शकाने हा भाग आजच्या मिररलेस कॅमेऱ्याने रंगीत चित्रित केला होता आणि संकलनाच्या वेळी तो कृष्णधवल करायचा, जमल्यास त्याला किंचित सेपियाची झाक द्यायची, असे ठरले होते. एकूण अकरा शॉट होते. रंगीत रूपात ते उत्तम दिसत होते, कारण मुलीच्या अंगात लाल स्वेटर होता आणि मागे गर्द हिरवी पाने. लाल आणि हिरवा हे रंग एकमेकांसमोर इतके ठळक उभे राहतात की नजर आपोआप मुलीवर जात होती.

फुटेज माझ्याकडे ग्रेडिंगसाठी, म्हणजे रंग आणि उजेड बसवण्यासाठी आले, तेव्हा संकलकाने त्यातील रंगांची तीव्रता शून्यावर आणून केलेली एक प्रत सोबत होती. तिच्यात मुलगी दिसत नव्हती. चेहरा आणि हात दिसत होते, पण धड कुंपणात विरघळून गेले होते. चित्राला एकंदर धूसर, मळकट रूप आले होते आणि वर ‘कॉन्ट्रास्ट कमी वाटतो, वाढवून द्यावा’ अशी टीप होती. कॉन्ट्रास्टचा कर्व्ह, म्हणजे कोणता उजळपणा कुठे न्यायचा हे ठरवणारी रेषा, कितीही वाकवली तरी हा दोष जाणार नव्हता. तो का, हे समजून घेण्यासाठी मी दोन्ही पृष्ठभागांवरचे रंग मोजले.

०ते २५५ या मोजणीत सावलीतल्या स्वेटरचे मूल्य लाल १८०, हिरवा ५०, निळा ४५ असे होते. कुंपणाच्या पानांचे सरासरी मूल्य लाल ६०, हिरवा ८८, निळा ४० होते. रंगांची तीव्रता शून्यावर नेली की व्हिडिओत उरतो तो उजळपणा, आणि एचडी व्हिडिओच्या Rec.709 या मानकात तो ठरावीक प्रमाणात मोजला जातो: लाल ०.२१२६, हिरवा ०.७१५२ आणि निळा ०.०७२२. या गुणोत्तराने हिशेब केला तर स्वेटर ७७ वर येतो आणि कुंपण ७९ वर. दोन पायऱ्यांचा हा फरक डोळ्याला जाणवत नाही. रंगीत चित्रात जो वेगळेपणा होता तो पूर्णपणे रंगछटेचा होता, उजळपणाचा जवळजवळ नव्हताच, आणि आपण नेमकी छटाच काढून टाकली होती. ७७ आणि ७९ एकाच जागी बसलेले असताना कर्व्ह त्यांना वेगळे करू शकत नाही, कारण कर्व्ह एका करड्या मूल्याचे दुसरे करडे मूल्य करतो. ते मूल्य मुळात लाल लोकरीचे होते की हिरव्या पानाचे, हे त्याला ठाऊकच नसते. कोणत्या रंगाला कोणता करडा मिळणार हा निर्णय त्याच्या आधीच्या पायरीवर घ्यावा लागतो, आणि या कामातला खरा कॉन्ट्रास्ट तिथेच घडतो.

ती पायरी म्हणजे चॅनल मिक्सर. लाल, हिरवा आणि निळा या तिन्ही चॅनलांतून किती किती घेऊन एक करडे चित्र तयार करायचे ते इथे आपण ठरवतो. DaVinci Resolve या ग्रेडिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये RGB Mixer च्या पॅनेलवर Monochrome हा पर्याय निवडला की तीनच आकडे हाती राहतात. त्या तिन्हींची बेरीज १ ठेवली तर पांढरा पांढराच राहतो आणि एकूण एक्स्पोजर हलत नाही. कृष्णधवल फिल्मवर काम करणारे छायाचित्रकार लेन्ससमोर पिवळी, नारिंगी किंवा लाल काच लावून हेच करत असत. आपल्याला ते चित्रीकरणानंतर करता येते, एवढाच फरक.

पहिला प्रयत्न मी सरळ टोकाचा केला, म्हणजे फक्त लाल चॅनल घेतला. स्वेटर १८० आणि कुंपण ६०, असा तब्बल १२० चा फरक मिळाला आणि थांबलेल्या फ्रेमवर चित्र क्षणभर फार देखणे वाटले. मग शॉट चालवला आणि दोन गोष्टी खटकल्या. पहिली चेहऱ्यावर. आईच्या त्वचेचे मूल्य लाल २०५, हिरवा १५०, निळा १२० होते आणि ओठांचे लाल १८५, हिरवा १००, निळा ९५. साध्या रूपांतरात ओठ आणि गाल यांच्यात ४२ चा फरक होता, लाल चॅनलमध्ये तो २० उरला. ओठांची रेघ पुसट झाली, गाल मेणाचे वाटू लागले. त्वचेखालच्या रक्ताचा लालसरपणाच चेहऱ्याला उठाव देतो, आणि लाल चॅनलला तो दिसत नाही.

दुसरी अडचण अधिक तांत्रिक होती आणि ती छोट्या पडद्यावर सहज निसटली असती. स्वेटरच्या कडेला, जिथे लाल लोकर हिरव्या पानांना भिडते तिथे, करवतीच्या दात्यांसारख्या पायऱ्या दिसत होत्या. कारण हे फुटेज ८-बिट ४:२:० प्रकारचे होते. अशा फाइलमध्ये उजळपणा प्रत्येक पिक्सेलसाठी नोंदवलेला असतो, पण रंगाची माहिती रुंदीत निम्मी आणि उंचीत निम्मी, म्हणजे चार पिक्सेलमागे एकदाच असते. डोळा रंगाच्या बारीक तपशिलाबाबत आळशी असल्यामुळे रंगीत चित्रात ही काटकसर खपून जाते. पण लाल चॅनल हा फाइलमध्ये स्वतंत्र साठवलेला नसतो. तो उजळपणात लाल-फरकाच्या रंगसंकेताची १.५७ पट भर घालून पुन्हा बांधला जातो. म्हणजे फक्त लाल चॅनल घेतला की जाडाभरडा रंगसंकेत दीडपट होऊन थेट करड्या चित्राच्या कडांमध्ये उतरतो, आणि संकोचनाचे चौकोनी ठोकळेही त्याच्याबरोबर येतात. लाल चॅनल करड्या रूपात दोनशे टक्के मोठा करून गडद लाल वस्तूची कड पाहिली की हा दोष लगेच ओळखता येतो. १०-बिट ४:२:२ फुटेज असते तर आणखी पुढे जायला जागा मिळाली असती.

म्हणून मधला मार्ग शोधला: लाल ०.६०, हिरवा ०.३५, निळा ०.०५. या मिश्रणात त्या रंगसंकेताचा वाटा १.५७ वरून सुमारे ०.७८ वर, म्हणजे निम्म्यावर येतो, आणि कडा सामान्य अंतरावरून स्वच्छ दिसतात. स्वेटर १२८ वर आला आणि कुंपण ६९ वर. दोन पायऱ्यांच्या जागी आता ५९ पायऱ्यांचा फरक होता. ओठ आणि गाल यांच्यातला फरक ३१ राहिला, तो चेहरा जिवंत वाटण्यास पुरेसा होता. यात एक लाभ न मागता मिळाला. आकाशाचे मूल्य लाल १५०, हिरवा १८५, निळा २२५ होते. साध्या रूपांतरात आकाश १८० आणि आईचा चेहरा १६० होता, म्हणजे फ्रेममधली सर्वांत उजळ जागा रिकामे आकाश होती आणि नजर तिकडे ओढली जात होती. नव्या मिश्रणात चेहरा जवळपास १८२ वर गेला आणि आकाश १६६ वर उतरले. ढगांना आकार आला आणि चेहरा पुढे आला, तेही चित्राचा एखादा भाग वेगळा करणारा कोणताही मुखवटा न काढता.

इथे काळाचा प्रश्नही मिटवून घेतला. ‘जुने दिसावे’ असे म्हणताना कोणत्या काळातले जुने, हे विचारले पाहिजे. सुरुवातीच्या काळातील ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल प्रकाश जवळजवळ दिसत नसे. त्यामुळे ओठ काळे, त्वचेवरचे डाग ठळक आणि निळे आकाश कोरे पांढरे येई. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात सर्व रंगांना प्रतिसाद देणाऱ्या पॅन्क्रोमॅटिक फिल्मने तिची जागा घेतली. आपली गोष्ट ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मच्या काळातली असती तर मी लाल ०, हिरवा ०.६०, निळा ०.४० असे मिश्रण वापरले असते. त्यात स्वेटर ४८ आणि कुंपण ६९ होते, म्हणजे वेगळेपणा तिथेही मिळतो, पण मुलगी काळ्या आकृतीसारखी दिसते आणि आकाश २०१ वर जाऊन निस्तेज होते. १९६२ सालच्या आठवणीसाठी लालकडे झुकलेले पॅन्क्रोमॅटिक रूपच योग्य होते.

आता मिश्रण सर्व शॉटांना लावून सलग पाहिले, तर चौथ्या शॉटमध्ये चित्र श्वास घेतल्यासारखे उजळ-मंद होत होते. रंगीत प्रतीत असे काही जाणवले नव्हते. तपासल्यावर लक्षात आले की त्या शॉटमध्ये कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स स्वयंचलित राहून गेला होता. मुलगी फ्रेममध्ये शिरली की स्वेटरचा लाल रंग पाहून कॅमेरा सगळ्या चित्रातला लाल थोडा कमी करी आणि ती गेली की पुन्हा वाढवी. समजा लाल चॅनल दहा टक्क्यांनी घसरला, तर आईच्या चेहऱ्याचा लाल २०५ वरून साधारण १८५ होतो. Rec.709 च्या प्रमाणात यामुळे उजळपणात चारच्या आसपास फरक पडतो, पण ०.६० च्या मिश्रणात तो बारापर्यंत जातो. रंगातला जो सरकाव रंगीत चित्रात रंगाच्या ऊबदारपणातला हलका बदल म्हणून खपतो, तोच कृष्णधवलमध्ये प्रकाश लुकलुकल्यासारखा दिसतो. उपाय एकच होता. मिश्रणाच्या आधीच्या नोडवर, रंगीत अवस्थेत, एक करडा दगड पाहून कीफ्रेमने व्हाइट बॅलन्स स्थिर करावा लागला, आणि त्यात माझी अर्धी दुपार गेली. कृष्णधवलच करायचे आहे म्हणून चित्रीकरणात रंगांकडे दुर्लक्ष करणारे हे ऐकून चकित होतात, पण मिश्रण जितके टोकाचे तितकी रंगातली प्रत्येक चूक उजळपणातली चूक बनते.

यानंतर कर्व्हकडे वळलो, आणि या टप्प्यावर तो फार सौम्य पुरला. वेव्हफॉर्मवर, म्हणजे उजळपणाच्या आलेखावर पाहताना मी चेहरा ७० ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान, कुंपणाची पाने २० ते २५ टक्क्यांवर, सर्वांत गडद सावली ३ टक्क्यांवर आणि सर्वांत उजळ ढग ९५-९६ टक्क्यांवर ठेवले. मधला भाग किंचित उभा, दोन्ही टोके मऊ, असा हा आकार आहे. फिल्मच्या प्रतिसादातही गडद आणि उजळ टोके अशीच हळूहळू वळतात. सावल्या १०-१२ टक्क्यांपर्यंत उचलून सगळ्या चित्रावर दुधी पडदा धरण्याची जी सवय ‘जुना लूक’ म्हणून रूढ झाली आहे, ती मला पटत नाही. ते उडालेल्या, झिजलेल्या प्रतीचे रूप आहे. चांगल्या अवस्थेतल्या कृष्णधवल प्रतीत काळा खरोखर काळा असतो. आठवण जुनी असली तरी त्या स्त्रीला ती स्पष्टच आठवते आहे, असे मी दिग्दर्शकाला म्हणालो आणि त्याने ते मान्य केले.

ज्यांच्याकडे ग्रेडिंगचे सॉफ्टवेअर नाही त्यांना मिश्रण आणि कर्व्ह ही दोन्ही कामे FFmpeg या आज्ञा टाइप करून चालणाऱ्या मोफत प्रोग्रॅममध्ये पुढीलप्रमाणे करता येतील.

```
ffmpeg -i in.mov -vf "format=gbrp10le,\
colorchannelmixer=.60:.35:.05:0:.60:.35:.05:0:.60:.35:.05:0,\
curves=all='0/0.03 0.25/0.22 0.5/0.51 0.75/0.79 1/0.96'" \
-c:v prores_ks -profile:v 3 -pix_fmt yuv422p10le bw.mov
```

मूळ फुटेज ८-बिट असले तरी हिशेब १०-बिटमध्ये करून १०-बिट फाइलमध्येच साठवणे महत्त्वाचे आहे, अन्यथा आकाशाच्या सलग उतारावर पट्टे पडतात. आणखी एक दक्षता म्हणजे FFmpeg सोबत येणाऱ्या ffprobe ने फाइलची color_space नोंद पाहून ती bt709 असल्याची खात्री करावी. ती नोंद नसेल तर रंगसंकेतातून लाल-हिरवा-निळा काढताना जुन्या Rec.601 चे गुणक वापरले जाऊ शकतात आणि मोजलेले आकडे जुळत नाहीत. फुटेज लॉग, म्हणजे मुद्दाम फिक्या आणि कमी कॉन्ट्रास्टच्या पद्धतीने चित्रित केलेले असेल, तर आधी ते सामान्य Rec.709 रूपात आणावे. लॉगमध्ये सगळे रंग फिके असतात, त्यामुळे तेच मिश्रण तिथे फारसा वेगळेपणा देत नाही.

सेपियाबाबत दिग्दर्शकाने सुरुवातीला एक तयार प्रीसेट लावून पाहिला होता. इंटरनेटवर सर्वत्र फिरणारे ते गुणक आहेत: लालसाठी ०.३९३, ०.७६९, ०.१८९, हिरव्यासाठी ०.३४९, ०.६८६, ०.१६८, निळ्यासाठी ०.२७२, ०.५३४, ०.१३१. त्यात ढग लिंबासारखे पिवळे झाले होते आणि त्यांचा तपशील नाहीसा झाला होता. कारण बेरजेत आहे. लालच्या गुणकांची बेरीज १.३५ आणि हिरव्याची १.२० होते. ढगाचे मूल्य लाल २३५, हिरवा २३८, निळा २४० धरले तर उत्तर लाल ३२१, हिरवा २८६, निळा २२२ असे येते. २५५ च्या वर काहीच मावत नसल्याने पहिले दोन्ही २५५ वर कापले जातात. उरलेला रंग २५५, २५५, २२२ हा तपकिरी नसून फिकट पिवळा आहे. गडद आणि मध्यम भागांत हेच गुणक ठीक दिसतात, त्यामुळे उजळ भाग नसलेल्या शॉटवर चाचणी घेणाऱ्याला ही चूक दिसतच नाही.

खऱ्या सेपियाची रासायनिक क्रिया आठवली तर योग्य आकार आपोआप सुचतो. त्या प्रक्रियेत छायाचित्रातील चांदीचे सल्फाइडमध्ये रूपांतर होते आणि सल्फाइड तपकिरी असते. जिथे चांदी नाही, म्हणजे शुभ्र भागात, तिथे रंग चढायला काही नसते. तिथे कागदाचा पांढरेपणा राहतो. मूकपटांच्या काळातील टिंटिंग याच्या नेमके उलट होते. तिथे फिल्मचा पायाच रंगवलेला असे, म्हणून उजळ भाग रंगीत होत आणि काळे काळेच राहत. चित्रावर तपकिरी रंगाचा थर मल्टिप्लाय पद्धतीने टाकणे म्हणजे टिंटिंग होय. त्याला सेपिया म्हणण्याची पद्धत पडली आहे, पण डोळ्यांचे पांढरे आणि ढग तपकिरी झाले की चित्र चहा सांडल्यासारखे दिसते.

म्हणून करड्या चित्रावर तिन्ही चॅनलांचे वेगळे कर्व्ह लावले. पांढरा आणि काळा जागेवर ठेवले आणि फक्त मधला करडा हलवला.

```
curves=r='0/0 0.5/0.55 1/1':g='0/0 0.5/0.495 1/1':b='0/0 0.5/0.41 1/1'
```

यामुळे १२८ चा करडा साधारण १४०, १२६, १०५ होतो. या तीन आकड्यांचा उजळपणा Rec.709 प्रमाणे मोजला तर तो पुन्हा १२७-१२८ च येतो, म्हणजे झाक आली तरी आधी बसवलेला कॉन्ट्रास्ट बिघडत नाही. झाक ‘बरोबर’ आहे की नाही हे ठरवताना मी चित्र पाच मिनिटे बंद ठेवून मग पाहतो, कारण सलग पाहत राहिले की डोळा तपकिरीला सरावतो आणि हात आणखी तपकिरी घालत सुटतो. १९६२ च्या हिशेबाने सेपिया ही थोडी कालविसंगतीच होती, तोपर्यंत ती पद्धत मागे पडली होती. दिग्दर्शकाला मात्र खिडकीतल्या वर्तमानाशी जोडणारी ऊब हवी होती. शेवटी झाक वरच्या आकड्यांच्या निम्मी ठेवली.

ग्रेन, म्हणजे फिल्मसारखा कणीदारपणा, सेपियाच्या आधी, करड्या चित्रावर घातला, म्हणजे त्याचे कणही त्याच तपकिरीत रंगले. नंतर घातला असता तर त्यात वेगळ्या रंगाचे ठिपके आले असते. मध्यम छटांत थोडा अधिक, टोकांना कमी, इतकेच त्याबाबत पुरे. त्याने आकाशातले उरलेसुरले पट्टेही झाकले.

अकरापैकी दहा शॉट असे पार पडले. अकराव्यात मुलगी सावलीतून कडक उन्हात येते आणि तिथे स्वेटरचा लाल चॅनल चित्रीकरणातच २५५ वर जाऊन कापला गेला होता. स्वेटरचे मूल्य लाल २५५, हिरवा ९५, निळा ८० होते आणि विणीचा तपशील फक्त हिरव्या चॅनलमध्ये शिल्लक होता. ०.६० च्या मिश्रणात स्वेटर १९० वर जाऊन कापलेल्या कागदासारखा सपाट दिसू लागला. त्या शॉटसाठी लाल ०.३०, हिरवा ०.६५, निळा ०.०५ असे उलटे मिश्रण घेतले. स्वेटर १४२ वर आला, म्हणजे सावलीतल्या शॉटांच्या १२८ च्या जवळच राहिला, आणि वीण पुन्हा दिसू लागली. उन्हातले कुंपण ०.६० च्या मिश्रणात ९६ वर होते, ते या मिश्रणात १०८ वर आले. ९४ चा फरक ३४ वर आला, पण मुलगी कुंपणापासून वेगळी दिसत होती. मिश्रण बदलल्यामुळे त्या शॉटमधले आकाश मात्र शेजारच्या शॉटपेक्षा उजळ झाले. त्यासाठी वरच्या तिसऱ्या भागावर मऊ कडेचा मुखवटा काढून तेवढ्यात जुने ०.६० चे मिश्रण ठेवले, आणि मुलगी धावताना डोके त्या रेषेच्या वर जात नाही ना, एवढे फ्रेमगणिक तपासून घेतले.